गृहकर्जाच्या तीन ऑफर समोर असताना स्वस्त कुठली, हे कसं काढायचं

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ ६५ लाखांचा फ्लॅट घेत होता. त्याला ५० लाखांचं कर्ज हवं होतं, मुदत २० वर्षं. रविवारी दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर तीन कागद ठेवले आणि म्हणाला, "यातला ७.९० वाला घेतो, सगळ्यात कमी आहे." वहिनींना मात्र तिसरा आवडला होता, कारण त्यावर प्रोसेसिंग फी शून्य होती.

आम्ही दोन-अडीच तास हिशेब केला आणि दोघांचंही मत बदललं. तोच हिशेब इथे पायरीपायरीने मांडतो. संस्थांची नावं देत नाही, अ, ब आणि क म्हणतो. आकडे तुमच्या कर्जाचे टाका, रीत तीच राहील.

आधी तिन्ही कागद एका मापात आणा

अ ही बँक होती. दर ८ टक्के, प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के. ब ही गृहवित्त कंपनी, म्हणजे बँक नव्हे. दर ७.९०, फी अर्धा टक्का. क ही दुसरी बँक, दर ८.१५ आणि फी शून्य.

पहिली अडचण अशी होती की हे कागद एकाच कर्जाचे नव्हतेच. क ने हिशेब २५ वर्षांचा दिला होता, म्हणून त्यांचा हप्ता सगळ्यांत लहान दिसत होता. ब च्या कागदावर कर्जाची रक्कम ५०,००,००० ऐवजी ५१,२०,००० होती. वरचे १,२०,००० कसले, ते पुढे येईलच. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाला ईमेल करून एकच मागणी करा: रक्कम ५० लाख, २४० हप्ते, फ्लोटिंग म्हणजे बदलता दर, विमा धरून आणि विमा न धरता असे दोन वेगळे आकडे. तोंडी सांगितलेला दर हिशेबात धरू नका. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दर बहुतेक वेळा उत्तम सिबिल स्कोअरवाल्यासाठी असतो, तुमच्यासाठी नसतो.

हे सगळं लॉगिन फी भरण्याआधी करायचं. अर्ज दाखल करताना घेतात ती ही फी सहसा परत मिळत नाही, आणि प्रत्येक अर्जाला तुमचा सिबिल रिपोर्ट काढला जातो. पाच ठिकाणी अर्ज टाकून बघू, असं करू नका. ईमेलवर आलेल्या आकड्यांवरून चाळणी लावा आणि जास्तीत जास्त दोन ठिकाणी लॉगिन करा.

प्रोसेसिंग फीचे खरे रुपये

फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो जाहिरातीत लिहिलेला नसतो. अ ची ०.३५ टक्के फी म्हणजे १७,५००, जीएसटी धरून २०,६५०. शिवाय वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांचे ७,००० वेगळे, म्हणजे एकूण २७,६५०. ब ची फी २५,०००, जीएसटीसह २९,५००, त्यात वकील आणि मूल्यांकन आलं. क ची फी शून्य असली तरी वकील आणि मूल्यांकनाचे ७,००० होतेच.

गहाणखताच्या नोंदणीचं मुद्रांक शुल्क यात धरलेलं नाही. ते सरकारला जातं आणि तिन्ही ठिकाणी सारखंच पडतं, त्यामुळे तुलनेत त्याचा उपयोग नाही. पण पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं ठरलं, तर तोच खर्च पुन्हा उभा राहतो. "नंतर बदलून घेऊ" म्हणताना हे लक्षात असू द्या.

१,२०,००० कुठून आले

ब च्या कागदावरचे वाढीव पैसे हा कर्जासोबत जोडलेल्या आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता होता. तो दादाच्या खिशातून जाणार नव्हता, कर्जातच मिळवलेला होता. एजंटला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "दादा, हप्त्यात हजार रुपयांचा फरक पडतो फक्त, आणि कुटुंबाला संरक्षण."

तो हजार खरा होता, अगदी नेमका ९९६ रुपये. पण हे ९९६ रुपये २४० वेळा भरायचे, म्हणजे २,३९,००० च्या आसपास. १,२०,००० चा विमा व्याज धरून दुप्पट किमतीला पडतो. आणि कर्ज सहा-सात वर्षांत फेडलं, तरी विम्याचे पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात. पॉलिसी मध्येच सोडली तर त्यातला काही भागच परत येतो.

घरात कमावतं माणूस एकच असेल, तर विमा हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. पण तो साधा टर्म विमा असावा, वेगळा घेतलेला असावा आणि त्याचा हप्ता वर्षाला भरायचा असावा. तो बँक बदलली तरी तुमच्याकडे राहतो. गृहकर्जासाठी आयुर्विमा घ्यायलाच हवा, असा कायदा नाही. "सिस्टीममध्ये विम्याशिवाय पुढे जात नाही" असं कुणी म्हणालं, तर तेच ईमेलवर लिहून मागा.

दादाने विमा नको म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ब चा नवा कागद आला. दर ७.९० चा ८.०५ झाला होता. म्हणजे जाहिरातीतला कमी दर हा विमा घेणाऱ्यासाठी होता. असा दुहेरी दर बऱ्याच ठिकाणी असतो. काही ठिकाणी पगाराचं खातं उघडण्याच्या अटीवरही दर कमी-जास्त होतो. म्हणूनच दोन्ही आकडे मागायचे.

आणखी एक युक्ती दिसते. विम्याची रक्कम मुख्य कर्जात न घालता तिचं वेगळं छोटं कर्जखातं उघडतात. मग मुख्य कर्जाचा कागद स्वच्छ दिसतो आणि दुसरा हप्ता नंतर कळतो. "माझ्या नावावर एकूण किती कर्जखाती उघडणार?" हा प्रश्न सही करण्याआधी विचारा.

सगळं एका आकड्यात आणा

दर, फी, विमा असे वेगवेगळे तुकडे मनात तोलता येत नाहीत. त्यासाठी एपीआर, म्हणजे सगळा खर्च धरून पडणारा वार्षिक दर काढायचा. गूगल शीट किंवा एक्सेलमध्ये दोन सूत्रं पुरतात. पहिलं हप्ता काढतं, दुसरं एपीआर. खाली ब चा विम्यासकटचा हिशेब आहे:

```
=PMT(7.90%/12, 240, -5120000)
=RATE(240, -42508, 4970500)*12
```

दुसऱ्या सूत्रातला शेवटचा आकडा नीट पाहा. तिथे कर्जाची रक्कम नाही, घरासाठी प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम आहे. ५१,२०,००० मधून विम्याचे १,२०,००० आणि फीचे २९,५०० गेले, उरले ४९,७०,५००. हप्ता मात्र पूर्ण ५१,२०,००० वरचा भरायचा. उत्तर टक्क्यांत दिसण्यासाठी त्या चौकटीचं स्वरूप टक्केवारीचं करा. आमचे आकडे असे आले:

| ऑफर | जाहीर दर | हप्ता | सुरुवातीचा खर्च | एपीआर | २० वर्षांत एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अ | ८.०० | ४१,८२२ | २७,६५० | ८.०७ | १,००,६४,९३० |
| ब, विम्यासह | ७.९० | ४२,५०८ | २९,५०० | ८.३० | १,०२,३१,४२० |
| ब, विम्याविना | ८.०५ | ४१,९७८ | २९,५०० | ८.१३ | १,०१,०४,२२० |
| क | ८.१५ | ४२,२९० | ७,००० | ८.१७ | १,०१,५६,६०० |

सगळ्यात कमी दराची ऑफर सगळ्यात महाग निघाली. अ च्या तुलनेत तिच्यात १,६६,००० च्या वर जास्त जात होते.

हा एपीआर संस्थेलाही लिहून द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाला केएफएस, म्हणजे मुख्य अटींचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर असतो, आणि विमा किंवा वकिलासाठी संस्थेने तुमच्याकडून घेतलेले पैसेही त्यात धरायचे असतात. पत्रकात नसलेला आकार नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. पत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं, म्हणजे मराठीतून मागता येतं. ते मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस असतात आणि तेवढे दिवस संस्था त्या अटींना बांधील असते. "आजच सही करा, उद्या दर बदलेल" असं कुणी म्हणालं, तर हे तीन दिवस आठवा. तुम्ही काढलेला एपीआर आणि पत्रकातला एपीआर यांत एखाद्या शतांशापेक्षा जास्त फरक आला, तर कुठला तरी खर्च तुमच्या नजरेतून सुटलेला आहे.

कर्ज किती वर्षं ठेवणार?

वहिनींचा शून्य फीचा आग्रह चुकीचा नव्हता, तो एका परिस्थितीत बरोबर ठरतो. अ मध्ये सुरुवातीला २०,६५० जास्त जातात, पण दर ०.१५ ने कमी आहे. ५० लाखांवर ०.१५ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी व्याजात जेमतेम साडेसात हजारांची बचत. त्या हिशेबाने जास्तीची फी भरून निघायला सुमारे पावणेतीन वर्षं लागतात.

म्हणजे गावाकडची जमीन विकून दोन वर्षांत कर्ज फेडायचं असेल, तर क स्वस्त. त्याहून जास्त ठेवायचं असेल, तर अ. हा हिशेब करताना नुसत्या हप्त्यांतल्या फरकाने भागू नका. तसं केलं तर ४६८ रुपयांच्या फरकाने ४४ महिने येतात आणि उत्तर चुकतं. कारण कमी दरात हप्ता तर लहान असतोच, शिवाय त्यातून मुद्दलही जास्त फिटत असतं.

व्यक्तीच्या नावावरचं फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं, तर दंड लागत नाही. मात्र "पहिली दोन-तीन वर्षं दर स्थिर" अशी ऑफर असेल, तर त्या काळात फेडल्यास काय आकारतात, ते लेखी विचारा.

दर बदलतो कशाने

आता वरच्या तक्त्याची मर्यादा सांगतो. त्यात दर २० वर्षं तोच राहील असं धरलंय, आणि तसं कधीच होत नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० झाला. फेब्रुवारी २०२५ पासून उतरत डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. साडेतीन वर्षांत एवढी चढउतार. अ आणि विम्याविना ब यांच्यात २० वर्षांत फरक होता जेमतेम ३९,००० चा. ५० लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला साडेबारा हजार. एका संस्थेने पाव टक्क्याची कपात तीन-साडेतीन वर्षं दाबून ठेवली, तर एवढे पैसे तिथेच जातात. म्हणून इथे दराच्या आकड्यापेक्षा तो दर कशाला बांधलाय, हे जास्त महत्त्वाचं.

बँकांचं फ्लोटिंग गृहकर्ज १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाला बांधावं लागतं. बहुतेकांनी रेपो दर निवडला आहे. अ चा ८ टक्के म्हणजे रेपो ५.२५ अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक लावते ती भर, २.७५. रेपो बदलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर बदलायलाच हवा, वर जाताना आणि खाली येतानाही.

गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा दर स्वतःच्या पीएलआरला, म्हणजे कंपनीच्या मूळ दराला, बांधलेला असतो आणि त्यातून सवलत वजा करून तुमचा दर ठरतो. पीएलआर कधी आणि किती बदलायचा, हे कंपनीच ठरवते. नवा ग्राहक हवा असेल, तर कंपनी पीएलआर तसाच ठेवून नव्या माणसाला जास्त सवलत देते. जाहिरातीतला दर उतरतो आणि जुन्या ग्राहकाचा तिथेच राहतो. जुन्याला कमी दर हवा असेल, तर बदलाची वेगळी फी भरून मागून घ्यावा लागतो.

कंपनी कशी वागते, हे पाहायला आम्ही एक साधी चाचणी केली. दादाच्या ऑफिसात २०२२ मध्ये ब कडून कर्ज घेतलेले एक सहकारी होते. त्यांना विचारलं, "फेब्रुवारी २०२५ ला दर किती होता आणि आज किती आहे?" त्यांनी मोबाइलवर दोन्ही विवरणपत्रं उघडून दाखवली. या काळात रेपो सव्वा टक्क्याने उतरला होता, त्यांचा दर उतरला होता ०.६०. अ च्या एका ग्राहकाचा दर पूर्ण १.२५ ने उतरला होता. एकदोघांवरून सगळी कंपनी तोलता येत नाही, पण चार जणांना विचारलं की चित्र दिसतं. सोसायटीच्या ग्रुपवर एवढी माहिती सहज मिळते.

रेपोला बांधलेल्या कर्जातही एक फट आहे, ती स्प्रेडची. करार झाल्यावर बँक त्यातला जोखमीचा भाग तेव्हाच बदलू शकते, जेव्हा तुमची पत बरीच बदललेली असेल आणि करारात तसं लिहिलेलं असेल. बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदाच बदलता येतो, मात्र ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी बँक तो आधीही कमी करू शकते. म्हणून मंजुरीपत्रात दर "८ टक्के" एवढाच लिहिला असेल, तर थांबा. रेपो किती, स्प्रेड किती, आणि सिबिल कितीच्या खाली गेला तर स्प्रेड किती वाढणार, हे तीनही आकडे कागदावर असायला हवेत. दादाच्या मंजुरीपत्रात तिसरा नव्हता. तो मागितल्यावर बँकेने सुधारित पत्र दिलं.

दर वाढला तर हप्ता की मुदत

ही गोष्ट मी स्वतः भोगली आहे. माझं २० वर्षांचं कर्ज होतं. दर वाढत गेले, हप्ता मात्र तेवढाच राहिला, आणि मी खूश होतो. दोन वर्षं हप्ते भरल्यावर एकदा विवरणपत्र काढलं, तर उरलेले हप्ते २४० पेक्षा जास्त होते. संस्थेने मला न विचारता मुदत वाढवली होती.

दादाच्या आकड्यांवर ते कसं दिसतं पाहा. ८ चा दर सुरुवातीलाच ९ झाला आणि हप्ता ४१,८२२ च ठेवला, तर २४० ऐवजी ३०४ हप्ते भरावे लागतात, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. हप्ता वाढवून ४४,९८६ केला, तर मुदत २४० च राहते. महिन्याला ३,१६४ जास्त जातात, पण एकूण परतफेडीत जवळपास १९ लाखांचा फरक पडतो. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बहुतेक भाग व्याजातच जातो, म्हणून दरातला एक टक्काही मुदत एवढी ताणतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड ग्राहकाला द्यायची, आणि दर तिमाहीला उरलेले हप्ते, दर आणि भरलेलं मुद्दल-व्याज दाखवणारं विवरणपत्र द्यायचं. पण निवड कळवली नाही, तर संस्था बहुधा मुदतच वाढवते. त्यामुळे ऑफर तोलताना प्रत्येकाला विचारा की दर वाढल्यावर तुमची ठरलेली पद्धत काय, आणि हप्ता वाढवायला सांगायचं तर शाखेत जावं लागतं की ॲपवरून होतं.

दादाने शेवटी अ निवडली. त्याआधी क चा शून्य फीचा कागद अ च्या शाखाधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि विचारलं, "फीचं काही होईल का साहेब?" निम्मी फी माफ झाली, म्हणजे जीएसटी धरून १०,३२५ वाचले, आणि ते मंजुरीपत्रात लिहून घेतलं. कर्जाच्या करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी त्याने आणखी एक अर्ज देऊन पोच घेतली: दर वाढल्यास माझा हप्ता वाढवावा, मुदत २४० महिन्यांपलीकडे नेऊ नये. पोच फ्लॅटच्या फाइलमध्ये मंजुरीपत्राच्या मागेच लावली आहे.